एका बाजूची कडा स्वच्छ, दुसऱ्या बाजूची विरलेली: कशावर विश्वास ठेवायचा?

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री 10:40)

नमस्कार. मी सांगलीत ऑर्थोच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आज ओपीडीत जत तालुक्यातला 14 वर्षांचा मुलगा आला. उजव्या गुडघ्याच्या वर दीड महिना दुखतंय. कबड्डीत पडला तेव्हापासून, असं वडील सांगतात. आधी गावात मालिश झालं, मग दुखण्याच्या गोळ्या. ताप नाही, वजन घटलेलं नाही. रात्रीचं काय, असं मी मुद्दाम विचारलं तर आई म्हणाली, "रातचा उठून बसतोय, पाय धरून."

एपी एक्स-रेत फीमरच्या खालच्या मेटाफिसिसमध्ये आतल्या बाजूला सरकलेली काळी जागा आहे, साधारण 5 सेंमी उंच आणि साडेतीन सेंमी रुंद. आतल्या बाजूला तिला पांढरी, रेखीव किनार आहे. वरच्या टोकाला मात्र ती कुठं संपते ते मला सांगता येत नाही. लॅटरलला मागच्या कॉर्टेक्सवर पेरिऑस्टियम उचललेलं दिसतं, वरच्या बाजूला छोटा त्रिकोण झालाय.

युनिटमध्ये दोन मतं आहेत. एक मत असं की हा नॉन-ऑसिफायिंग फायब्रोमा आहे, पडल्यावर त्यातून बारीक फ्रॅक्चर झालं आणि पेरिऑस्टियम त्याचं आहे. गुरुवारी क्युरेटाज आणि बोन ग्राफ्टसाठी नाव घातलंय. मला स्वस्थ वाटत नाही, पण किनार बिनाइन म्हणते आणि पेरिऑस्टियम अॅग्रेसिव्ह म्हणतं, तेव्हा कुणाचं ऐकायचं हे मला कुणी नीट शिकवलेलं नाही.

रॉडप्लेट (सोमवार, रात्री 11:15)

मी 18 वर्षं ट्रॉमा करतोय, इस्लामपूरकडं. पांढरी किनार म्हणजे हाडाला गाठीभोवती भिंत बांधायला वेळ मिळाला. वेळ मिळाला म्हणजे गाठ सावकाश वाढतेय. 14 वर्षांचं पोर, मेटाफिसिस, एका बाजूला सरकलेलं, किनार पांढरी: हा नॉन-ऑसिफायिंग फायब्रोमाच. पडल्याची हिस्टरी स्पष्ट आहे. दीड महिन्यात कॅलस येणारच, आणि पोरांचं पेरिऑस्टियम सैल असतं, जरा धक्का लागला की उचलतं. तुमचे सर बरोबर आहेत. उगाच घरच्यांना कॅन्सरचं नाव सांगून घाबरवू नका.

अजिंक्यतारा (मंगळवार, सकाळी 6:20)

रॉडप्लेट सरांचं किनारीबद्दलचं म्हणणं खरं आहे, आणि फ्रॅक्चरमुळे पेरिऑस्टियम उचलतं हेही खरं. चूक पुढच्या पायरीवर होते. किनार *कुठं* पांढरी आहे? कृष्णाकाठ, तुम्हीच लिहिलंय की आतल्या बाजूला.

मी साताऱ्यात आहे. त्याआधी 9 वर्षं मुंबईत हाडांच्या गाठींच्याच विभागात काढली. तिथं पहिल्या महिन्यात डोक्यात बसवलेली गोष्ट सांगतो. गाठीचा दर्जा तिच्या सगळ्यात वाईट कडेवरून ठरवायचा. तीन बाजू रेखीव आणि चौथी विरलेली असेल तर ती गाठ विरलेल्या कडेची आहे, असं धरून चालायचं. कारण साधं आहे. कडा म्हणजे त्या जागेवरच्या वेगाची नोंद. एका बाजूला घट्ट कॉर्टेक्स असेल तर वेगानं वाढणाऱ्या गाठीलाही तिथं थोपावं लागतं आणि हाडाला थोडी भिंत घालायला सवड मिळते. त्याच वेळी मऊ, पोकळ बाजूनं ती पुढं गेलेली असते. चांगल्या कडेला बघून आपण तिचा सगळ्यात कमी वेग मोजतो, आणि रोग्याला त्रास देतो तो सगळ्यात जास्त वेग.

एक काम करा. फिल्मची प्रिंट व्ह्यू बॉक्सला लावा, वर बटर पेपर धरा आणि टोक केलेल्या पेन्सिलीनं कडा गिरवा. हात न उचलता पूर्ण फेरी होते का बघा. जिथं पेन्सिल अडखळेल, इथून जाऊ की तिथून असं होईल, ती जागा आणि तिची लांबी लिहून घ्या. लॅटरललाही तेच करा. आणि मला सांगा, फ्रॅक्चरची रेघ नेमकी कुठं दिसते?

द्राक्षबाग_तासगाव (मंगळवार, सकाळी 8:05)

डॉक्टर साहेब, मी शेतकरी माणूस, तुमच्यातलं मला काय कळत नाही. पण गुडघ्याजवळची गाठ वाचलं आणि रातभर झोप नाही. माझ्या पोरीला, 12 वर्षांची, गुडघ्याच्या खाली आतल्या अंगाला हाडासारखा टणक उंचवटा आलाय. दुखत नाही. एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले हाड वाढलंय, काळजी नको. ह्याच्यात किनार कुठं बघायची? तिलाबी मुंबईला न्यावं लागंल का?

क्ष_किरण_मिरज (मंगळवार, सकाळी 9:30)

दादा, तुमच्या मुलीचं आणि या धाग्यातल्या मुलाचं दुखणं वेगळं वाटतंय. तुम्ही सांगता तसा टणक, न दुखणारा उंचवटा या वयात बहुतेक वेळा ऑस्टिओकॉन्ड्रोमा असतो. तिथं आम्ही गाठीची कडा बघत नाही, तर हाडाची बाहेरची साल आणि आतला मगज त्या उंचवट्यात सलग जातात का ते बघतो. सलग जात असतील तर तो हाडाचाच फाटा आहे. तिची उंची वाढेल तसा तोही थोडा वाढेल, आणि वाढ थांबली की थांबायला हवा. न दुखणारा दुखायला लागला, किंवा मोठी झाल्यावरही वाढत राहिला, तर मात्र लगेच दाखवा. एक्स-रे तुमच्या डॉक्टरांनी पाहिलाय, त्यांच्याकडे दर वर्षी एकदा जात राहा. फोटो न बघता यापुढं बोलणं बरोबर नाही.

कृष्णाकाठ, मी रेडिओलॉजीची आहे. तुम्ही एक्स-रे मोबाइलवर पाहिलात की वर्कस्टेशनवर? विचारायचं कारण आहे. डिजिटल एक्स-रेत मशीन कडा ठळक करून देतं. ते जास्त झालं की काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर एक पांढरी पट्टी उमटते जी हाडात नसते. त्यावर मोबाइलनं काढलेला फोटो, आणि मग तो व्हॉट्सअॅपवर दाबला गेलेला. अशा फोटोत मी साध्या सिस्टभोवतीही जाड भिंत पाहिली आहे. खऱ्या स्क्लेरोसिसला जाडी असते, ती आत-बाहेर हळूहळू विरते आणि दोन्ही व्ह्यूत दिसते. मशीनची पट्टी सगळीकडे एकसारखी बारीक असते, आणि त्याच फिल्मवर फिब्युलाच्या, पटेलाच्या कडेलाही तशीच दिसते. आधी ते ताडून बघा.

कृष्णाकाठ (मंगळवार, दुपारी 3:50)

मॅडम, लाज वाटते पण मी मोबाइलवरच पाहिला होता. आज वर्कस्टेशनवर बसलो. आतल्या बाजूची किनार खरी आहे, दोन्ही व्ह्यूत आहे, पण काल वाटली तेवढी जाड नाही. पटेलाच्या कडेलाही तशीच पांढरी रेघ होती, म्हणजे निम्मं काम मशीनचं.

बटर पेपरवर गिरवलं. एपीत खालून सुरुवात केली. आतल्या बाजूनं पेन्सिल सरळ वर गेली. वरच्या टोकाला, घड्याळात 11 वाजतात तिथून 2 पर्यंत, मी तीनदा गिरवलं आणि तीन वेगळ्या रेघा आल्या. पहिली आणि तिसरी यांच्यात दीड सेंमीचं अंतर आहे. को-रेसिडेंटला दिलं, त्याची रेघ चौथीच. लॅटरलला मागच्या बाजूला कॉर्टेक्सच सापडत नाही, साधारण 2 सेंमी. तिथं गिरवायला काही नाही.

फ्रॅक्चरची रेघ मला दिसली नाही. सरांना विचारलं, ते म्हणाले बारीक असेल, भरली असेल.

यवतेश्वर_घाट (मंगळवार, संध्याकाळी 6:10)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, साताऱ्यात, आणि स्वतः धावते. हिल मॅरेथॉनच्या तयारीत माझ्या टिबियावर असंच पेरिऑस्टियम उचललेलं आलं होतं. एका ठिकाणी थेट "बायोप्सी करा" म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी धावणं बंद करून 2 आठवड्यांनी परत एक्स-रे काढला. कॅलस जाड आणि एकसंध झाला होता, मधे आडवी पांढरी रेघ आली होती. स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. म्हणून मला वाटतं, या मुलालाही 2 आठवडे द्यायला काय हरकत आहे? घाईनं बायोप्सी केली तर कोवळा कॅलस मायक्रोस्कोपखाली सार्कोमासारखा दिसू शकतो, असं मला तेव्हा सांगितलं होतं.

अजिंक्यतारा (मंगळवार, रात्री 9:45)

यवतेश्वर, तुमच्या डॉक्टरांनी उत्तम केलं आणि कॅलसबद्दल तुम्हाला खरंच सांगितलं. फरक एवढाच की तुमच्या टिबियात गाठ नव्हती. आतलं हाड शाबूत होतं, फक्त वर थर चढला होता. इथं हाड खाल्लेलं आहे आणि मागचं कॉर्टेक्स गेलंय. 2 आठवडे थांबून परत बघणं जिथं एकही कडा विरलेली नाही तिथं चालतं. इथं नाही.

आता पेरिऑस्टियमकडं येतो, कारण कृष्णाकाठनं खरा प्रश्न तोच विचारला आहे. पेरिऑस्टियम बोलतं, पण कारण सांगत नाही. त्याच्याखाली पू आला, रक्त आलं, गाठ आली, तरी ते उचलतं आणि हाड घालतं. म्हणून एकट्या पेरिऑस्टियमवरून निदान करू नये. पण ते *कसं* हाड घालतं यात वेळेचा हिशेब असतो. सावकाश काम चाललं असेल तर एकच जाड, सलग थर येतो. फ्रॅक्चरचा कॅलस असा असतो: फ्रॅक्चर मधोमध, दोन्ही बाजूंना थर, आणि सगळ्यात जास्त हाड बरोबर मध्यावर, कारण तिथंच जोडायचं असतं.

त्रिकोणात याच्या उलट घडतं. खालून काहीतरी इतक्या वेगानं वर येतं की मध्यावर पेरिऑस्टियमला हाड घालायला वेळच मिळत नाही, किंवा घातलेलं लगेच मोडलं जातं. जिथं ते नुकतंच उचललं गेलंय त्या काठावरच थोडं हाड टिकतं. तो काठ म्हणजे तुमचा त्रिकोण. म्हणजे कॅलसमध्ये मध्य भरलेला, त्रिकोणात मध्य रिकामा. तुमच्या लॅटरलला मध्यावर काय आहे? तुम्हीच लिहिलंत, 2 सेंमी कॉर्टेक्स नाही आणि त्यावर काही नाही. दीड महिन्यापूर्वीच्या फ्रॅक्चरचा कॅलस 14 वर्षांच्या मुलात मध्यावर गायब नसतो.

आता त्या रिकाम्या जागेच्या मागे, मांसात, ढगासारखं पांढरं काही आहे का ते बघा. खिडकी बदलून, काळं-पांढरं कमीजास्त करून बघा.

रॉडप्लेट (मंगळवार, रात्री 10:30)

फ्रॅक्चरची रेघ नाही आणि मध्य रिकामा, हे मला पटलं. माझं कालचं बोलणं एपीच्या वर्णनावर होतं, लॅटरल मी मनात धरली नव्हती. पण तुम्ही सगळे आता सार्कोमाकडं धावताय. ऑस्टिओमायलायटिसचं काय? आमच्याकडं अशी पोरं महिन्याला येतात. अर्धवट अँटिबायोटिक घेतलेली, ताप नाही, आणि एक्स-रे बघाल तर घाम फुटेल. कडा विरलेली, पेरिऑस्टियम उचललेलं, सगळं. मी गेल्या वर्षी असाच एक उघडला, पू निघाला, पोरगं आज शाळेत जातंय.

अजिंक्यतारा (मंगळवार, रात्री 11:05)

सर, तुमचा हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच मी अजून एकदाही कॅन्सर हा शब्द वापरलेला नाही. अॅग्रेसिव्ह म्हणजे मॅलिग्नंट नव्हे. अॅग्रेसिव्ह म्हणजे वेगवान. इन्फेक्शन वेगवान असतं, मुलांतला इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमाही. आणि उलटही होतं: मोठ्या माणसात मायलोमाची भोकं पंचनं पाडल्यासारखी रेखीव असतात. एक्स-रे फक्त एवढंच सांगतो की हे हाड घाईत आहे, याला थेट खरवडू नका.

तुमच्या मुलात पू निघाला ते चांगलंच झालं. पण उघडण्यापूर्वी तुम्हालाही तो निघेलच याची खात्री नव्हती. न निघता तर?

मी सांगतो काय होतं. 2003 च्या सुमाराला, मुंबईत जायच्या आधी, मी एका मुलीच्या फीमरमध्ये अशीच काळी जागा बिनाइन समजून उघडली. कडा तीन बाजूंनी रेखीव होती. छेद आडवा घेतला, तो दिसायला बरा राहतो म्हणून. गाठ खरवडली, पोकळी ग्राफ्टनं भरली, ड्रेन बाजूला 4 सेंमीवर वेगळ्या भोकातून काढला. रिपोर्ट ऑस्टिओसार्कोमाचा आला. पुढच्या सर्जनला माझा आडवा छेद, ड्रेनचं भोक आणि मी रक्ताबरोबर पसरवलेलं सगळं क्षेत्र काढायला हवं होतं. ते काढून पाय वाचवणं जमलं नाही. गाठीमुळं पाय गेला असता की नाही माहीत नाही, पण माझ्या छेदानं तो नक्की घालवला. मॅनकिन आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये आणि परत 1996 मध्ये हेच दाखवलं होतं, की बायोप्सी जिथं शेवटचं ऑपरेशन व्हायचं नाही अशा ठिकाणी झाली की घोटाळे जास्त होतात. मी तो पेपर परीक्षेसाठी वाचला होता.

कृष्णाकाठ (बुधवार, पहाटे 1:20)

सर, तुम्ही सांगितल्यावर खिडकी बदलून बघितलं. मागे, रिकाम्या जागेच्या बाहेर, मांसात कापसासारखं पांढरं आहे. सोमवारी ते मला दिसलंच नव्हतं, कारण मी हाड दिसेल अशाच खिडकीत बघत होतो.

गुरुवारी क्युरेटाज आहे. मी ज्युनिअर आहे. सरांना "चुकताय" असं म्हणू शकत नाही. काय बोलू?

अजिंक्यतारा (बुधवार, सकाळी 6:00)

चुकताय म्हणू नका. बटर पेपर घेऊन जा. चार रेघा त्यांच्यासमोर ठेवा आणि पाचवी त्यांना गिरवायला सांगा. मग लॅटरल लावा आणि मांसातलं पांढरं दाखवा. कुठलाही चांगला सर्जन यापुढं क्युरेट उचलणार नाही.

मग एवढं मागा. आधी पूर्ण फीमरचा एमआरआय, वरच्या सांध्यापासून खालच्या सांध्यापर्यंत, नुसत्या गुडघ्याचा नको. बायोप्सीच्या *आधी*, कारण सुई किंवा सुरी लागली की भोवतालची सूज आणि रक्त गाठीसारखं दिसतं. बायोप्सी तुमच्याकडं नको, जो पुढचं ऑपरेशन करणार त्यानंच करावी, उभ्या रेषेत, त्याच्या छेदाच्या वाटेवर. आणि कुणीही केली तरी दोन गोष्टी पक्क्या. एक, नमुना त्या त्रिकोणातून घेऊ नये, तिथं फक्त प्रतिक्रियेचं हाड मिळतं आणि रिपोर्ट खोटा धीर देतो. दोन, एक तुकडा पॅथॉलॉजीला आणि एक कल्चरला. रॉडप्लेट सरांची शंका त्यानंच मिटेल. मुलाला त्या पायावर भार देऊ नका. मागचं कॉर्टेक्स नाही, हाड मोडलं तर गाठ सगळ्या मांडीत जाईल.

रॉडप्लेट (बुधवार, सकाळी 7:40)

सीआरपी आणि ईएसआर आजच पाठवा. नॉर्मल आले म्हणून इन्फेक्शन नाही असं धरू नका, वाढले म्हणून ट्यूमर नाही असंही नको. अल्कलाइन फॉस्फटेज पाठवाल तेव्हा लक्षात ठेवा, वाढत्या पोरांत तो तसाही मोठ्यांच्या वर असतो, लॅबचा लाल रंग बघून दचकू नका. आणि लांबचा स्प्लिंट लावून द्या, गुडघ्याच्या वरपर्यंत.

कृष्णाकाठ (शनिवार, रात्री 9:15)

सगळ्यांना कळवायचं राहिलं. सरांनी पाचवी रेघ ओढली, मग बराच वेळ लॅटरलकडं बघत बसले आणि स्वतः ओटी लिस्टवरून नाव खोडलं. मला एक शब्द रागाचा बोलले नाहीत. सीआरपी 9, ईएसआर 38, म्हणजे कुठल्याच बाजूचं नाही.

मिरजेत एमआरआय झाला. मागे मांसात 4 सेंमीची गाठ आहे, हाडाला चिकटलेली. मज्जेतला रोग एक्स-रेत दिसतो त्यापेक्षा जवळजवळ 3 सेंमी वर गेलाय. माझी तिसरी, सगळ्यात वरची रेघसुद्धा खूप खाली होती. मुलगा सोमवारी मुंबईला जातोय, वडिलांबरोबर मीच बोललो. "किनार चांगली आहे" असं त्यांना आधी कुणीतरी सांगितलं होतं, ते परत उलगडायला वेळ लागला.

एक गोष्ट अडली आहे. मुख्य गाठीच्या वर 6 सेंमीवर शाफ्टमध्ये एक लहान डाग आहे. रिपोर्टमध्ये "स्किप लीजन किंवा लाल मज्जा" असं लिहिलंय. सर म्हणतात स्किप, म्हणजे त्याच हाडात सुटं पडलेलं गाठीचं दुसरं ठिकाण, मग सगळा प्लॅन बदलतो.

क्ष_किरण_मिरज (शनिवार, रात्री 10:30)

तो रिपोर्ट माझा नाही, पण शंका योग्य आहे. 14 वर्षांच्या मुलाच्या शाफ्टमध्ये लाल मज्जेचे ठिगळ राहू शकतात. T1 वर तो डाग शेजारच्या मांसापेक्षा थोडा जरी उजळ असेल तर मज्जेकडं झुकतं. मांसाइतका किंवा त्याहून काळा, आणि कडेनं गोल, तर मी स्किपच धरीन. दुसऱ्या फीमरमध्ये त्याच उंचीवर तसा डाग आहे का? दोन्ही मांड्या एकत्र घेतल्या होत्या का?

अजिंक्यतारा (शनिवार, रात्री 11:00)

मॅडम, आदर राखून सांगतो, मी उजळपणावर एकट्यावर सोडणार नाही. छोट्या डागात सरासरी फसवते. मी असे दोन पाहिले, एक मज्जा निघाला, एक स्किप, आणि T1 वर मला दोन्ही सारखेच वाटले होते. मुंबईत ते बघतीलच, पण सीडी रिपोर्टबरोबर पाठवा, नुसत्या छापील फिल्म नकोत.

कृष्णाकाठ (शनिवार, रात्री 11:20)

दोन्ही मांड्या घेतलेल्या नाहीत, फक्त उजवी. उद्या रविवार आहे, पण सेंटरवाल्यांशी बोललो, सकाळी 8 ला डाव्या मांडीचा एक T1 कोरोनल घेऊन देतो म्हणाले. सीडी मीच घेऊन स्टँडवर देईन, त्यांची गाडी रात्रीची आहे.